‘शेतजमिनीवर टॅक्स नाही’ असं लिहिण्याआधी या चुका टाळा

लातूर तालुक्यातले एक मामा एकदा माझ्या करसल्ल्याच्या ऑफिसात आले. एका हातात माझ्याच जुन्या लेखाची झेरॉक्स, दुसऱ्या हातात आयकर खात्याची नोटीस. लेखातल्या एका वाक्याखाली लाल पेननं दोन रेघा मारलेल्या होत्या: ‘ग्रामीण शेतजमीन विकली तर भांडवली नफ्यावर कर लागत नाही.’

“सर, तुमीच तर लिवलंय की हे.”

लिहिलं होतं खरं, आणि वाक्य चुकीचंही नव्हतं. मामांचं गाव ग्रामपंचायतीचं, सातबाऱ्यावर सोयाबीन आणि तूर, शिवाय लातूर शहराच्या मधोमध असलेल्या गंजगोलाईपासून मोटारसायकलवर अकरा किलोमीटर. यापेक्षा ग्रामीण ते काय असणार? त्यांनी ४६ लाखांना जमीन विकली. पोरीचं लग्न केलं, उरलेल्या पैशात घर बांधलं आणि रिटर्न भरायचा विचारही केला नाही.

आयकर कायद्यातलं ‘ग्रामीण’ मात्र वेगळं असतं. तिथं ग्रामपंचायत आहे का हे बघत नाहीत. जमीन जवळच्या शहराच्या हद्दीपासून किती लांब आहे आणि त्या शहराची लोकसंख्या किती, हे बघतात. लोकसंख्या १० हजारांच्या वर आणि १ लाखापर्यंत असेल तर हद्दीपासून २ किलोमीटरच्या आतली जमीन करपात्र धरतात. १ लाखाच्या वर १० लाखांपर्यंत ६ किलोमीटर, आणि १० लाखांच्या वर ८ किलोमीटर. अंतर सरळ हवाई रेषेत मोजायचं, रस्त्यानं नाही. मोजायला सुरुवात शहराच्या हद्दीपासून करायची, बसस्टँडपासून किंवा गंजगोलाईपासून नाही. लोकसंख्या २०११ च्या जनगणनेची धरली तर लातूर ६ किलोमीटरच्या गटात येतं. मामांची जमीन हद्दीपासून हवाई रेषेत पाचच्या आत होती.

एवढ्या मोठ्या रकमेच्या खरेदीखताची माहिती निबंधक कार्यालयाकडून आयकर खात्याकडे जातेच. नोटीस आली ती त्यामुळं.

माझ्या लेखाच्या तळाशी बारीक अक्षरात एक ओळ होती: ‘हा लेख केवळ माहितीसाठी असून लेखक कोणत्याही नुकसानीस जबाबदार नाही.’ मामांनी ती वाचलीच नव्हती. वाचली असती तरी काय कळलं असतं? पहिली चूक इथंच आहे. अशी ओळ फार तर लिहिणाऱ्याला वाचवते, वाचणाऱ्याला तिचा काही उपयोग नसतो. आपला लेख नेमका कुठं अपुरा पडतो हे ती सांगत नाही.

आणि नुकसान नुसतं कराचं नव्हतं. करपात्र शेतजमीन विकल्यावर दोन वर्षांच्या आत दुसरी शेतजमीन घेतली, तर १९६१ च्या कायद्यातल्या कलम ५४ब नुसार सूट मिळते. अट अशी की विक्रीआधीची दोन वर्षं ती जमीन मालकानं किंवा त्याच्या आईवडिलांनी कसलेली हवी. रिटर्नच्या मुदतीपर्यंत नवी जमीन मिळाली नाही, तर पैसे बँकेतल्या भांडवली नफा खात्यात ठेवावे लागतात. मामांना हे नोटीस आल्यावर कळलं. तोवर दोन वर्षं उलटली होती आणि पैसा विटासिमेंटमध्ये गेला होता.

आता तेच वाक्य मी असं लिहितो: ‘शेतजमीन विकल्यावर कर लागतो की नाही, हे आधी तिच्या अंतरावर ठरतं.’ अपवाद मूळ वाक्यात आणला. तो तिसऱ्या परिच्छेदात ठेवला, तर लाल रेघा पहिल्याच वाक्याखाली पडतात आणि झेरॉक्सही तेवढीच फिरते.

खुलासासुद्धा त्या वाक्याला लागूनच देतो. नमुना असा:

‘ही माहिती ३१ मार्च २०२६ पर्यंतच्या विक्रीपुरती आहे. जमीन भूसंपादनात गेली असेल, तिचं एनए झालं असेल, किंवा सातबाऱ्यावर भावाबहिणींची सामायिक नावं असतील, तर इथली कसोटी पुरत नाही. मी करसल्लागार आहे, वकील नाही. मालकी आणि वर्ग २ जमिनीचे प्रश्न या लेखात नाहीत.’

यातलं प्रत्येक वाक्य वाचून कुणीतरी म्हणू शकतो, ‘अरे, हे तर माझंच आहे,’ आणि तिथंच थांबतो. एखादं वाक्य कुणालाच थांबवत नसेल, तर मी ते काढून टाकतो.

त्या खुलाशात तारीख का, तर १ एप्रिल २०२६ पासून आयकर अधिनियम २०२५ लागू झाला. अंतराची कसोटी तीच राहिली, पण कलमांचे क्रमांक बदलले. ‘मागील वर्ष’ आणि ‘कर निर्धारण वर्ष’ या जोडीऐवजी एकच ‘कर वर्ष’ आलं. त्याआधीच्या विक्रीचा हिशेब मात्र १९६१ च्या कायद्यानंच होतो. म्हणून ‘कलम ५४ब नुसार’ एवढंच लिहिलं तर पुरत नाही, कोणत्या कायद्याचं कलम तेही लिहावं लागतं. लेखावर नुसती प्रकाशनाची तारीख असून भागत नाही. विक्री कोणत्या तारखेची, यावर सगळं अवलंबून आहे.

आपल्याकडं आणखी एक घोटाळा होतो. पुण्यामुंबईकडचा मजकूर आपण तसाच उचलतो. ‘बिगरशेतकऱ्याला शेतजमीन घेता येत नाही, कुळकायदा कलम ६३’ असं इथल्या कितीतरी लेखांत सापडतं. पण मराठवाडा निजामाच्या राज्यात होता आणि इथल्या शेतजमिनीला हैदराबाद कुळवहिवाट व शेतजमीन अधिनियम १९५० लागू आहे. इथं ते बंधन कलम ४७ मध्ये आहे, विदर्भात कलम ८९ मध्ये. संरक्षित कुळाच्या मालकीचं कलम ३८-ई तर पश्चिम महाराष्ट्राच्या लेखात दिसायचंच नाही. लेख मराठवाड्याच्या वाचकासाठी असेल तर प्रदेशाचं नाव पहिल्या दोन ओळींतच यायला हवं.

राहिला सगळ्यात अवघड भाग, तो म्हणजे लेख छापून आल्यावरचे फोन. “सर, माझी जमीन जालन्याजवळ आहे, चाळीस लाखाला चाललीय. टॅक्स बसंल का?” इथं जीभ सैल सुटते. माणूस ओळखीचा असतो, प्रश्न साधा वाटतो, आणि ‘नाही बसणार’ म्हणायला दोन सेकंद लागतात. पण मी सातबारा पाहिलेला नसतो, फेरफार पाहिलेला नसतो, जमीन वडिलोपार्जित की खरेदीची हेही मला माहीत नसतं. फोनवर दिलेलं ‘नाही’ हा कागद न बघता दिलेला सल्लाच झाला. मग खाली कितीही खुलासे छापा, त्यांना अर्थ राहत नाही.

नुसतं ‘सीएला भेटा’ म्हणणंही बरं नाही. माणसाला हाकलल्यासारखं वाटतं, आणि मग तो पारावर जे ऐकेल ते खरं धरतो. मी त्याला नियम सांगतो, निकाल सांगत नाही. जालना महानगरपालिका झाली म्हणून अंतर बदलत नाही, लोकसंख्येचा गट बघायचा, आणि जालना ६ किलोमीटरच्या गटात येतं, इथपर्यंत सांगायला हरकत नाही. हे जालन्याच्या आसपासच्या प्रत्येक जमिनीला लागू आहे. ‘तुमचं गट नंबर अमुक आत येतं की बाहेर’ हे मात्र मी बोलत नाही.

मग कागद सांगतो: सातबारा, फेरफार, आधीचं खरेदीखत किंवा वाटणीपत्र, मागच्या दोन वर्षांची पीकनोंद, आणि शहराच्या हद्दीपासूनच्या अंतराचा सक्षम अधिकाऱ्याचा दाखला. हे घेऊन इसार घेण्याआधी एखाद्या करसल्लागाराकडं बसा, असं सांगतो. ‘इसार घेण्याआधी’ हे दोनदा सांगतो, कारण मामा आले होते ते घराचा स्लॅब टाकून झाल्यावर.