ऐरोलीच्या मुलाखतीआधी टायची तयारी: रुंदी, गाठ आणि नक्षी

टाय निवडताना बहुतेक जण रंगापासून सुरुवात करतात. तयारी मात्र मोजपट्टीपासून करावी, तीही मुलाखतीच्या दोन दिवस आधी, म्हणजे काही जमलं नाही तर ठाण्यातल्या राम मारुती रोडला किंवा गोखले रोडला एक चक्कर मारायला वेळ राहतो. समजा, नौपाड्यात राहणाऱ्या मुलाला सोमवारी सकाळी ऐरोलीच्या ऑफिसात मुलाखतीला जायचंय. उंची साधारण १७० सेंटिमीटर, नेव्ही ब्लू कोट, पांढरा शर्ट. घरात तीन टाय आहेत: बाबांचा चकचकीत लाल, १० सेंटिमीटर रुंद, कॉलेजच्या फेअरवेलला घेतलेला काळा, ५ सेंटिमीटरचा, आणि ७.५ सेंटिमीटरचा मरून, बारीक पांढऱ्या ठिपक्यांचा.

आधी कोटाचं लॅपल, म्हणजे छातीवर बाहेर दुमडलेली कॉलरखालची पट्टी, मोजा. ते जिथे सर्वांत रुंद आहे तिथे कडेपासून घडीपर्यंत टेप लावा; आपल्या उदाहरणात ते ८ सेंटिमीटर भरतं. टायही त्याच्या सर्वांत रुंद भागात साधारण तेवढाच असावा, अर्धा-एक सेंटिमीटर इकडेतिकडे चालतं. ५ सेंटिमीटरचा टाय ८ च्या लॅपलमध्ये घातला की छाती उगाच मोठी आणि कोट मागून आणलेला वाटतो. १० चा घातला तर लॅपल अरुंद दिसतं आणि नजर पोटावरच्या रुंद पट्ट्यावर जाते. बाबांचा टाय टाकाऊ नाही. तो त्या काळच्या रुंद लॅपलसाठी होता आणि तसा कोट असेल तर आजही शोभेल. इथे मात्र मरून टाय घ्यायचा.

आता शर्टाची कॉलर. वरचं बटण लावून कॉलरच्या दोन टोकांमधलं अंतर मोजा. ते ८ सेंटिमीटरच्या आसपास असेल तर कॉलर अरुंद, ११ च्या आसपास असेल तर मध्यम, १३ च्या पुढे गेलं तर चांगलीच पसरट. गाठीचा आकार या अंतरावरून ठरतो. अरुंद कॉलरला फोर-इन-हँड ही सर्वांत साधी, किंचित तिरकी गाठ बसते. मध्यम कॉलरला हाफ विंडसर आणि पसरट कॉलरला फुल विंडसर. गाठ जागेपेक्षा मोठी झाली तर कॉलरची टोकं शर्टावरून उचलली जातात. लहान झाली तर दोन्ही बाजूंना टायचा गळ्याभोवतीचा पट्टा उघडा पडतो. आरशात या दोन खुणा पाहिल्या की चूक कोणत्या दिशेला आहे ते लगेच कळतं.

पण नुसत्या नावावर विसंबू नका. आतलं अस्तर जाड असलेला पॉलिएस्टरचा टाय फोर-इन-हँडमध्येही एवढी गाठ देतो, जेवढी पातळ रेशमी टाय हाफ विंडसरमध्ये देतो. म्हणून रविवारी त्याच शर्टावर, त्याच टायने दोन्ही गाठी बांधून पाहा. टाय जाड असेल तर एक पायरी खाली उतरायचं. फुल विंडसर सगळ्यांत रुबाबदार, असा एक समज आहे; बारीक चेहऱ्याच्या मुलाच्या गळ्यात ती समोसा लटकवल्यासारखी दिसते. आपल्या उदाहरणात कॉलर मध्यम आणि टाय पातळ आहे, म्हणून हाफ विंडसर.

ती बांधताना रुंद टोक आपल्या उजव्या हाताला ठेवा आणि अरुंद टोकाचा शेवट बेंबीच्या थोडा वर येईल असं लांबवा. रुंद टोक अरुंद टोकावरून डावीकडे न्या, मग त्याच्या मागून उजवीकडे आणा. आता ते वर उचलून गळ्याच्या फासात समोरून आत घाला आणि डावीकडे बाहेर काढा. तिथून गाठीच्या समोरून उजवीकडे न्या, मागून गळ्याच्या फासातून वर काढा आणि समोर जो आडवा पट्टा तयार झालाय त्याखालून खाली ओढा. पूर्ण आवळण्याआधी गाठीच्या अगदी खाली तर्जनीने मधोमध दाबून एक खळगी पाडा, दोन्ही कडा चिमटीत धरा आणि मग गाठ वर सरकवा. ही खळगी नसेल तर टाय गाठीखाली फळीसारखा सपाट पडतो.

टायचं टोक पट्ट्याच्या बक्कलवर टेकलं पाहिजे. बक्कलच्या वर राहिलं तर पुन्हा सोडून सुरुवातीला रुंद टोक दोन-तीन बोटं अधिक खाली घ्या. खाली लोंबत असेल तर उलट करा. बांधलेली गाठ ओढून लांबी जुळवायच्या फंदात पडू नका, त्याने फक्त गाठ चिरडते. फुल विंडसरला एक वेढा जास्त लागत असल्याने उंच माणसाचा टाय तिथे हमखास आखूड पडतो.

नक्षीचं गणित सोपं आहे: शर्टावर जे डिझाइन असेल, त्यापेक्षा टायवरचं डिझाइन मापाने स्पष्ट वेगळं हवं. बारीक रेघांच्या शर्टावर तेवढ्याच बारीक रेघांचा टाय घातला तर दोन्ही एकमेकांत मिसळून डोळ्यांना त्रास देतात. तिथे रुंद पट्टे किंवा विरळ ठिपके घ्या. साध्या पांढऱ्या शर्टाला ही अडचणच नाही. लहान ठिपके शांत दिसतात, तिरके पट्टे थोडे जोरकस, आणि चकचकीत सॅटिन थेट रिसेप्शनच्या स्टेजवर नेऊन बसवतं. पट्टे घेताना एक ध्यानात ठेवा: ब्रिटनमध्ये काही पट्ट्यांची रंगसंगती विशिष्ट रेजिमेंटची, शाळेची किंवा क्लबची ओळख असते. तिथल्या लोकांसमोर बसायचं असेल तर ठिपके बरे. पहिली फेरी व्हिडिओ कॉलवर असेल तर फार बारीक, दाट रेघा टाळा. कॅमेऱ्यात त्या थरथरल्यासारख्या दिसतात.

सोमवारी टाय घालून ठाण्याहून गाडीत चढू नका. गर्दीत गाठ तिरकी होते आणि घामाने कॉलर ओली होते. टाय मधोमध दुमडून अरुंद टोकाकडून सैल गुंडाळा, झिपच्या पिशवीत ठेवा आणि ऐरोलीला उतरल्यावर आरसा मिळेल तिथे बांधा. पावसाळ्यात तर हे हवंच, कारण रेशमावर पाण्याचा थेंब पडला की वाळल्यावर कड्यासारखा डाग राहतो. थेंब पडलाच तर चोळू नका, कोरड्या रुमालाने टिपून घ्या. सुरकुती असेल तर इस्त्री थेट फिरवू नका. पॉलिएस्टर चमकतो आणि रेशमाच्या कडा चपट्या होतात. आदल्या रात्री आंघोळीच्या गरम वाफेत अर्धा तास टांगला तरी बहुतेक सुरकुत्या जातात.

घरी आल्यावर अरुंद टोक हिसकून गाठ सोडू नका. टायचं कापड क्रॉसमध्ये, ४५ अंशांत कापलेलं असतं, म्हणूनच ते गाठीत वळतं आणि पुन्हा सरळ होतं. हिसका बसला की आतलं अस्तर पिळून राहतं आणि पुढच्या वेळी टाय मध्येच फिरतो. ज्या क्रमाने बांधला त्याच्या उलट क्रमाने सोडा आणि रात्रभर टांगून ठेवा. मागच्या शिवणीच्या टोकाला धाग्याचा छोटा सैल वळसा दिसेल. तो लोंबणारा दोरा समजून कापू नका, सगळी शिवण त्याच धाग्यावर सरकत असते.