सहकाऱ्याच्या निधनानंतर कंपनीच्या पानावर शोकसंदेश कसा लिहावा

वाळूज औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यात मनुष्यबळ विभागाचे काम करताना असे संदेश लिहिण्याची वेळ माझ्यावर अनेकदा आली. एकदा घाईने टाकलेला आमचा संदेश मृत सहकाऱ्याच्या पुण्यात नोकरीला असलेल्या धाकट्या भावाने घरून फोन येण्याआधीच मोबाइलवर वाचला. त्या दिवसापासून मी लेखणी उचलण्याआधी फोन उचलतो, आणि या कामाची खरी सुरुवात तिथूनच होते असे मला वाटते.

फोन पत्नीला किंवा आईवडिलांना करू नये. घरातील सूत्रे हाती घेतलेला कोणी तरी भाऊ, मेहुणा, जावई किंवा चुलता असतो. त्याच्याशी त्याला ओळखणाऱ्या सहकाऱ्याने बोलावे. विचारायच्या गोष्टी मोजक्याच असतात. सगळ्या जवळच्या नातेवाइकांना कळले आहे का? कंपनीच्या पानावर लिहिलेले आणि फोटो टाकलेला चालेल का? नाव कसे लिहायचे? आणि घरात अशा प्रसंगी कोणता शब्द वापरतात? यांपैकी पहिल्या दोन प्रश्नांना स्पष्ट होकार मिळेपर्यंत थांबावे. संदेश दुसऱ्या दिवशी गेला तरी काही बिघडत नाही. अंत्यविधीची वेळ व ठिकाण सहकाऱ्यांना तातडीने कळायला हवे असते, विशेषतः अंत्यसंस्कार त्याच दिवशी गावाकडे होणार असतील तर. पण ती माहिती विभागाच्या व्हॉट्सॲप गटावर द्यावी, जाहीर पानावर नाही.

नावाचा प्रश्न किरकोळ वाटतो, पण चुका तिथेच होतात. हजेरीपटावरचे नाव, आधारवरचे नाव आणि लोक हाक मारतात ते नाव यांत फरक असतो. पूर्ण नाव घरच्यांनी सांगितल्याप्रमाणे लिहावे आणि सगळा कारखाना त्यांना ‘मामा’ किंवा ‘भाऊ’ म्हणत असेल, तर ते एकदा पुढे येऊ द्यावे.

त्यानंतर शब्दांची निवड. ‘कै.’ म्हणजे कैलासवासी, आणि हा शब्द सवयीने कोणाच्याही नावाआधी लावला जातो. मराठवाड्यातील एका कारखान्याच्या एकाच पाळीत मात्र वारकरी, लिंगायत, बौद्ध आणि मुस्लिम कुटुंबांतील माणसे शेजारी शेजारी काम करतात. वारकरी घरात ‘वैकुंठवासी’ लिहितात, लिंगायत घरात ‘लिंगैक्य’ म्हणतात, अनेक बौद्ध कुटुंबे ‘कालकथित’ लिहितात आणि मुस्लिम घरांत ‘मरहूम’, स्त्री असेल तर ‘मरहूमा’, असा उल्लेख असतो. ‘ईश्वर मृतात्म्यास शांती देवो’ हे वाक्य तर बौद्ध कुटुंबाच्या श्रद्धेलाच धरून नाही, कारण बौद्ध विचारात नित्य आत्मा मानलेला नाही. तिथे ‘भावपूर्ण आदरांजली’ योग्य ठरते. घरच्यांनी विशिष्ट शब्द सुचवला तर तो वापरावा, एरवी ‘दिवंगत’ हा शब्द सर्वांना चालतो. एक बारकावा लक्षात ठेवावा: निधनाची बातमी देणाऱ्या वाक्यात यांपैकी कोणताच शब्द नको, कारण ‘दिवंगत अमुक यांचे निधन झाले’ हे वाक्य एकच गोष्ट दोनदा सांगते. तिथे नुसते पूर्ण नाव लिहावे. ‘दिवंगत’ पुढच्या उल्लेखांत यावे.

आता मुख्य मजकूर. समजा, देखभाल विभागातील एक फिटर १९ वर्षांच्या नोकरीनंतर रात्री घरी हृदयविकाराने गेले. पहिला मसुदा बहुधा असा येतो: ‘कंपनीच्या परिवारातील एक तारा निखळला. त्यांच्या जाण्याने कधीही भरून न येणारी पोकळी निर्माण झाली आहे.’ यातील एकही शब्द त्या माणसाविषयी नाही. नाव बदलले तर हाच मजकूर लेखापालाला आणि वाहनचालकालाही लागू पडेल, आणि वाचणाऱ्या सहकाऱ्यांच्या ते लगेच ध्यानात येते. म्हणून मसुदा बाजूला ठेवून त्यांच्या पाळीतील दोन-तीन जणांना एवढेच विचारावे की, ते काम करताना तुम्हाला कसे आठवतात. ‘फार चांगला माणूस होता’ हे उत्तर आधी येते. थोडे थांबले की खरी आठवण निघते. इथे एकाने सांगितले की, ते चालू यंत्राला पेचकसाचे टोक टेकवून मूठ कानाशी धरत आणि कोणते बेअरिंग जाणार आहे ते सांगत. दुसरा म्हणाला, ‘मला हातात पाना धरायला त्यांनीच शिकवलं.’ एवढे पुरेसे आहे.

आता मजकूर असा होईल:

‘आमचे सहकारी, देखभाल विभागातील ज्येष्ठ फिटर (पूर्ण नाव) यांचे मंगळवारी रात्री निधन झाले. गेली १९ वर्षे ते आमच्या वाळूज येथील कारखान्यात काम करत होते. चालू यंत्राला पेचकस टेकवून, मूठ कानाशी धरून, कोणते बेअरिंग खराब होत आहे हे ते अचूक सांगत. विभागातील अनेक तरुण फिटर हे काम त्यांच्याच हाताखाली शिकले. त्यांच्या कुटुंबीयांच्या दुःखात आम्ही सहभागी आहोत. दिवंगत (आडनाव) मामांना भावपूर्ण श्रद्धांजली. – देखभाल विभाग व सर्व सहकारी’

यात हृदयविकाराचा उल्लेख नाही, हे मुद्दाम केले आहे. मृत्यूचे कारण ही घरच्यांची गोष्ट आहे. त्यांनी आपणहून लिहायला सांगितले तरच ते यावे. जन्मतारीख, कर्मचारी क्रमांक, राहण्याचा पत्ता, मुलांची नावे आणि शाळाही वगळावी. विम्याचे किंवा भविष्य निर्वाह निधीचे पैसे मिळवून देतो असे सांगून फसवणारे अशाच तपशिलांच्या आधारे शोकात असलेल्या घराला गाठू शकतात.

मृत्यू कारखान्यातील अपघातात झाला असेल तर मात्र हा क्रम पुरेसा नाही. पोलिसांचा आणि औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाचा तपास सुरू असतो, त्यामुळे अपघात कसा झाला, चूक कोणाची होती, सुरक्षा साधने होती की नव्हती, यांविषयी एकही शब्द जाऊ नये. ‘दुर्दैवी’ हा साधा वाटणारा शब्दही मी तिथे टाळतो, कारण कुटुंबाला तो कंपनीने अंग काढून घेतल्यासारखा लागतो. ‘कारखान्यात झालेल्या अपघातात निधन झाले’ एवढेच लिहावे, आणि ते व्यवस्थापनाने व कंपनीच्या वकिलांनी पाहिल्यावरच प्रसिद्ध करावे.

फोटो घरच्यांनी निवडलेला असावा. ओळखपत्रावरचा फोटो वापरू नये. सहलीच्या समूहचित्रातून कापलेला चेहराही नको, त्यात दुसऱ्या कोणाचा तरी खांदा राहून जातो. कंपनीचे चिन्ह लहान असावे, आणि घोषवाक्य, उत्पादनाचे नाव किंवा हॅशटॅग नसावा.

संदेश टाकण्याआधी पानावर आधीच वेळ लावून ठेवलेल्या पोस्ट तपासाव्यात. सणाच्या शुभेच्छा किंवा भरतीची जाहिरात तासाभरात त्याच्यावर येऊन बसली, तर घरच्यांना ते फार लागते. दोन दिवस तरी पान शांत ठेवावे. प्रतिक्रियांवर एकाने लक्ष ठेवावे. ‘काय झालं होतं?’ या प्रश्नाला जाहीर उत्तर देऊ नये, थकलेल्या पगाराविषयी कोणी लिहिले तर वाद न घालता त्या व्यक्तीशी फोनवर बोलावे, आणि कोणी मदतनिधीच्या नावाने खाते क्रमांक टाकला तर घरच्यांकडून खात्री होईपर्यंत तो झाकून ठेवावा. मनापासून लिहिलेल्या आठवणी मात्र उतरवून घ्याव्यात. पैठणला दशक्रिया असो वा घरी पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम, त्या दिवशी विभागातले कोणी जाणारच असते; त्यांच्या हाती या आठवणींचा छापील कागद घरच्यांकडे द्यावा, कारण त्या घरातील वडीलधारी माणसे ते पान कधी उघडत नाहीत.