युरियाच्या गोण्या आणि कपाशीचा उतारा: आकड्यांतून वक्र हातानं कसा काढायचा

कपाशीला युरिया वाढवत गेलं की उतारा वाढतो, पण एका हद्दीपर्यंतच. पुढं झाड नुसतं पाल्यावर जातं अन् बोंडं कमी लागतात, हे परभणीकडचा कुणीही शेतकरी सांगेल. असल्या आकड्यांतून सरळ रेष काढली तर ती चढतच राहते, ही हद्द तिच्यात दिसतच नाही. म्हणून वर्गाचा वक्र बसवायचा, y = a + bu + cu² असा.

समजा एकाच रानाचे पाच तुकडे केले, एकरी ०, १, २, ३, ४ गोण्या युरिया टाकला आणि कापूस निघाला एकरी ५, ७, ९, ८, ८ क्विंटल. (हिशोब सोपा जावा म्हणून आकडे मी मनानं घेतलेत, कुठल्या प्रयोगातले नाहीत.)

आधी मधली किंमत शून्यावर आणायची, म्हणजे प्रत्येक डोसमधून २ वजा करायचे अन् त्याला u म्हणायचं. ही पायरी अजिबात सोडू नका, पुढची निम्मी मेहनत इथंच वाचते.

```
u :  -2  -1   0   1   2
y :   5   7   9   8   8
```

आता वक्र कुठलाही काढला तरी सगळ्या बिंदूंतून जाणार नाही, प्रत्येक तुकड्यात खरा उतारा आणि वक्रावरचा उतारा यात थोडी चूक राहणारच. या चुकांचे वर्ग करून बेरीज घ्यायची आणि ती सगळ्यात कमी होईल असे a, b, c शोधायचे. त्यासाठी त्या बेरजेचं a, b, c प्रत्येकाच्या सापेक्ष विकलन करून शून्य ठेवलं की तीन समीकरणं मिळतात. त्यांचा अर्थ एवढाच की चुकांची बेरीज शून्य, चुकांना u नं गुणून केलेली बेरीज शून्य, आणि u² नं गुणून केलेलीही शून्य. हे ध्यानात ठेवा, शेवटी ताळा याच्यावरच करायचाय.

```
na   + bΣu  + cΣu² = Σy
aΣu  + bΣu² + cΣu³ = Σuy
aΣu² + bΣu³ + cΣu⁴ = Σu²y
```

n म्हणजे तुकड्यांची संख्या, इथं 5. आता बेरजा करा. Σu आणि Σu³ दोन्ही शून्य, कारण डावीकडचे आकडे उजवीकडच्यांना खाऊन टाकतात. Σu² = 10, Σu⁴ = 34, Σy = 37. Σuy म्हणजे −10 −7 +0 +8 +16 = 7, आणि Σu²y म्हणजे 20 +7 +0 +8 +32 = 67. मग उरतं हे:

```
5a + 10c = 37
10b = 7
10a + 34c = 67
```

b लगेच सुटला, 0.7. पहिल्या समीकरणाची दुप्पट तिसऱ्यातून वजा केली की 14c = −7, म्हणून c = −0.5, आणि a = 8.4.

आता ताळा. वक्रावरचे उतारे येतात 5, 7.2, 8.4, 8.6, 7.8, तर चुका 0, −0.2, 0.6, −0.6, 0.2. यांची बेरीज शून्य, u नं गुणून शून्य, u² नं गुणूनही शून्य, म्हणजे गणित बरोबर. यातली एखादी जरी बेरीज शून्य आली नाही तर कुठंतरी चिन्ह चुकलंय, बहुतेक वेळा Σuy मध्येच. चुकांच्या वर्गांची बेरीज 0.8 येते. याच आकड्यांवर सरळ रेष बसवली तर ती 4.3 येते, आणि तिच्या चुका दोन्ही टोकांना ऋण अन् मधोमध धन निघतात, तेवढ्यावरूनच कळतं की इथं वाक आहे.

शिखर u = −b/2c ला, म्हणजे 0.7, म्हणजे २.७ गोण्यांना. पण या २.७ वर लगेच विसंबू नका, पाच बिंदूंत तीन किंमती काढल्यात, शिल्लक काही फारसं नाही. मधल्या तुकड्याचा उतारा ९ ऐवजी ८ धरून बघा, b तोच राहतो पण c येतो −0.36 च्या आसपास, आणि शिखर थेट ३ गोण्यांजवळ सरकतं. एका तुकड्यात बोंडअळी पडली तरी एवढा फरक पडू शकतो, म्हणून प्रत्येक डोसचे दोन-तीन तुकडे घेतलेले बरे. तेव्हा प्रत्येक तुकड्याची ओळ वेगळी मोजायची, n तेवढा वाढतो, बाकी रीत तीच. आणि वक्र ४ गोण्यांच्या पुढं ओढू नका, ८ गोण्यांना तो उतारा −5.4 क्विंटल दाखवतो.

डोस सारख्या अंतरावर नसतील तर सरासरी वजा करा, Σu शून्य होईल पण Σu³ बहुधा उरेल, मग तिन्ही समीकरणं एकत्र सोडवावी लागतात. वेगवेगळे डोस निदान तीन तरी पाहिजेत, दोनच असले तर समीकरणांना एकच एक उत्तर राहत नाही. आणि हातानं करताना किलोत नका करू, गोण्यांतच करा. ४५ किलोची गोणी धरली तर ४ गोण्या म्हणजे १८० किलो, आणि १८० चा चौथा घात शंभर कोटींच्या वर जातो.