काळी, मुरूम आणि पांढरी : सोलापुरात भिंतीसाठी माती कशी पारखायची

सोलापूरकडे शेताला काळी म्हणतात आणि गावठाणाला पांढरी. जुन्या गढ्या आणि माळवदाची घरं पांढरीच्या मातीत उभी राहिली, काळीत नाही. मातीच्या भिंतीला कुठली माती चालते, हा निवाडा या दोन शब्दांतच आहे. आज मात्र पांढरी मिळणं अवघड आहे आणि जुन्या गावांच्या टेकाडांवर खणणं योग्यही नाही. हाताशी असते ती शेतातली काळी आणि तिच्याखालचा मुरूम. बरणी, पट्टी आणि गोळा या तीन घरगुती चाचण्यांनी ही दोन्ही पारखता येतात, पण वाळूमिश्रित मातीसाठी लिहिलेले नियम जसेच्या तसे लावले तर इथली माती हमखास चकवते. नवख्याने ते चकवेच आधी समजून घ्यावेत.

मंगळवेढ्याच्या बाजूला काळी खोल जाते. सांगोल्याकडे थोडं खणलं की मुरूम लागतो. म्हणून नमुना घेताना वरचा वीतभर, मुळ्या आणि शेणखत असलेला थर बाजूला काढा. त्याखाली रंग बदलेल तिथे थांबून प्रत्येक थराचं वेगळं घमेलं भरा. थर एकत्र झाले की पुढची सगळी मापं फुकट जातात. काळीची ढेकळं फोडून वाळवा आणि साधारण 4 मिमीच्या चाळणीतून चाळा.

बरणी

उभ्या सरळ बाजूंची लिटरभराची काचेची बरणी घ्या. तिसरा हिस्सा माती भरून हलकेच ठोका आणि कोरड्या मातीच्या पातळीवर पेनाने खूण करा. ही खूण बहुतेकजण करत नाहीत, पण काळीसाठी तीच सगळ्यात कामाची आहे. मग पाणी भरून चिमूटभर मीठ टाका. ढेकळं विरघळायला तासभर द्या, दोनतीन मिनिटं जोरात हलवा आणि बरणी सपाट जागी ठेवा. पहिल्या मिनिटात खाली बसते ती वाळू आणि बारीक खडे. तासाभराने जो थर वाढतो तो पोयटा. पाणी निवळेपर्यंत, म्हणजे एक ते दोन दिवसांत वर बसते ती चिकण. प्रत्येक वेळी खूण करायची.

काळीच्या बरणीत दोन गोष्टी खोटं बोलतात. पहिली, तिची चिकण पाणी पिऊन फुगते. समजा कोरडी माती 6 सेंमी होती आणि दोन दिवसांनी गाळ 8 सेंमी भरला. कुठलीही चिकण पाण्यात थोडी सैल बसतेच, त्यामुळे यातून टक्केवारी काढू नये. पण वाढ इतकी दिसली, तर ही माती भिजली की फुगणार आणि वाळली की तडकणार हे पक्कं समजावं. उन्हाळ्यात शेताला भेगा पडतात त्या याच कारणाने. दुसरी गोष्ट मिठाची. मिठामुळे चिकणीचे कण एकमेकांना धरून लवकर बसतात आणि पोयटा नि चिकण यांच्यातली रेघ पुसट होते. त्यावर फार डोकं लावू नका. वाळू किती आणि बाकी सगळं किती, एवढं नीट कळलं तरी निम्मं काम झालं.

मुरमाच्या बरणीत चकवा वेगळा असतो. मुरूम म्हणजे कुजत आलेला काळा पाषाण. पहिल्या मिनिटात भरपूर ‘वाळू’ बसते, पण त्यातले बरेच कण नुसते दिसायलाच खडे असतात. तळातले मूठभर खडे धुऊन रात्रभर पाण्यात ठेवा आणि सकाळी नखाने दाबून पाहा. जे चुरडले जातात ते वाळूत धरायचे नाहीत. माती ठोकायच्या धुमसाखाली त्यांचा भुगा होतो. भुग्याला धरून ठेवण्याची ताकद नसते, आणि मग साचा काढल्यावर भिंतीचे कोपरे झडतात.

शेजारी बिनमिठाची आणखी एक बरणी ठेवावी. उसाच्या पट्ट्यात, विशेषतः निचरा नसलेल्या रानात, चोपण जमीन सापडते. तिच्यात सोडियम असतो आणि तिची चिकण पाण्यात तरंगतच राहते. बिनमिठाची बरणी तीन दिवसांनीही गढूळच असेल तर संशय घ्या. खात्रीसाठी मातीचा वाटाण्याएवढा कोरडा खडा पावसाच्या किंवा फिल्टरच्या पाण्यात अलगद सोडा. खडा नुसता ढासळला तर ठीक, पण त्याच्याभोवती दुधासारखा ढग पसरला तर ती माती पावसात वाहून जाणार. ही परीक्षा बोअरच्या पाण्यात करू नका. आपल्याकडचं जड पाणीच मिठाचं काम करतं आणि चोपण मातीही शहाणी दिसू लागते.

पट्टी

चाळलेली माती किंचित ओली करून पाच मिनिटं मळा. काळी असेल तर आदल्या रात्री भिजत घालायलाच हवी, नाहीतर आत कोरडे दाणे राहतात, पट्टी लवकर तुटते आणि चिकण कमी असल्याचा भास होतो. मळलेल्या मातीचा अंगठ्याएवढा लांबुडका करा. अंगठा आणि तर्जनी यांमध्ये दाबत साधारण 5 मिमी जाडीची पट्टी पुढे सोडत जा आणि ती स्वतःच्या वजनाने किती लांबीला तुटते ते मोजा. तीनदा करून सरासरी घ्या.

नुसत्या मुरमाची पट्टी बनतच नाही. काळीची 20 सेंमीच्या पुढे लोंबते आणि हाताला चिकटून बसते. भिंतीच्या कामाला 5 ते 10 सेंमी लांबीची पट्टी चांगली. भेंड्यांना, म्हणजे न भाजलेल्या कच्च्या विटांना, थोडी जास्त चालते, कारण त्यात काड असतं. पट्टी चिकणीचं प्रमाण सांगते, पण चिकण फुगणारी आहे की नाही हे सांगत नाही. म्हणून तिच्या जोडीला एक साचा लागतो. 60 सेंमी लांब आणि 4 सेंमी रुंद नि खोल अशी लाकडी पन्हळ करा, आतून तेल लावा, मऊ मळलेली माती ठासून भरा आणि आठवडाभर सावलीत वाळवा. मग सगळे तुकडे एका टोकाला सरकवून उरलेली फट मोजा. सोलापूरच्या मातीचा शेवटचा कौल हीच फट देते.

गोळा

गोळ्याच्या चाचणीत सगळ्यात मोठी गल्लत होते. गोळा टाकून माती चांगली की वाईट ते कळत नाही. तिच्यात पाणी बरोबर पडलंय का, एवढंच कळतं. ती लागते धुमसाने ठोकून करायच्या भिंतीला, म्हणजे रॅम्ड अर्थला. भेंड्यांचा चिखल तर ओलाच असतो. 4 सेंमीचा गोळा मुठीत घट्ट दाबा, खांद्याच्या उंचीवरून, म्हणजे दीडेक मीटरवरून, कडक फरशीवर सोडा. चारपाच तुकडे झाले तर पाणी बरोबर. भुगा झाला तर पाणी कमी. चपटा होऊन एकसंध राहिला तर जास्त, आणि अशी माती धुमसाखाली दबण्याऐवजी बाजूला सरकते.

काळी जास्त असलेल्या मिश्रणात भुगा आणि चपटा यांच्यामधली जागा फार अरुंद असते. झारीभर पाण्याचा फरक पडतो. पाणी मारल्या मारल्या गोळा टाकला तर बाहेरून ओला आणि आतून कोरडा गोळा खोटा निकाल देतो. म्हणून पाणी शिंपडून ढीग उलटापालटा करा, ओल्या पोत्यांखाली रात्रभर मुरू द्या आणि गोळा टाकण्याआधी एक मोडून आतला रंग पाहा. एप्रिल-मेच्या उन्हात उघडा ढीग बघता बघता सुकतो, त्यामुळे प्रत्येक घाण्याला नवा गोळा टाकायचा. सकाळचा निकाल दुपारी चालत नाही.

एक हिशोब

समजा मोहोळकडच्या एका रानात वर काळी आणि खाली कडक दाण्याचा मुरूम आहे. काळीच्या बरणीत वाळू 15, पोयटा 25 आणि चिकण 60 टक्के. मुरमात, चुरडणारे खडे वगळून, वाळू-खडे 85, पोयटा 10, चिकण 5. एक घमेलं काळीला तीन घमेली मुरूम घेतला तर वाळू-खडे साधारण 67, पोयटा 14 आणि चिकण 19 टक्के पडते. ठोकून केलेल्या भिंतीसाठी वाळू-खडे दोनतृतीयांशाच्या आसपास असावेत असा ढोबळ नियम आहे, म्हणजे कागदावर हे मिश्रण पास होतं. पण पन्हळीत फट अडीच सेंमी निघाली. साठाला अडीच म्हणजे चार टक्क्यांहून जास्त. तीन मीटर लांब भिंतीत हा हिशोब 12 सेंमीवर जातो. ठोकताना पाणी कमी असल्याने प्रत्यक्षात आकुंचन बरंच कमी होईल, तरी उभ्या भेगा चुकणार नाहीत.

मुरूम पाच घमेली केला की वाळू-खडे 73 आणि चिकण 14 वर येते. पट्टी साडेपाच-सहा सेंमीला तुटते आणि फट एक सेंमीवर उतरते. ठोकायच्या भिंतीला हे मिश्रण घ्यावं. 1:3 चं मिश्रण वाया जात नाही. त्यात बोटभर लांबीचं गव्हाचं काड मिसळून भेंडे पाडता येतात, कारण भेंडा आखडतो तो भिंतीत बसण्याआधीच. काळीत सापडणारे चुनखडीचे पांढरे खडे भेंड्याला बाधत नाहीत. भट्टीच्या विटेत मात्र ते भाजून चुना होतात आणि पुढे पाणी लागलं की वीट फोडतात. दोन्हींचे नियम एक समजून कुणी भेंड्याची माती नाकारत असेल तर त्याला हा फरक सांगा.

भेंड्यांच्या मिश्रणाची ताकद पाहायला ‘आयएस 13827’ या 1993 च्या भारतीय मानकात सोपी पद्धत आहे. 2 सेंमीच्या पाचसहा गोळ्या करून 48 तास वाळवायच्या आणि अंगठा नि तर्जनीत दाबायच्या. एकही फुटली नाही तर चिकण पुरेशी आहे. इथल्या काळीमिश्रित गोळ्या बहुधा फुटतच नाहीत, त्यामुळे या चाचणीत पास होणं आपल्याकडे अर्धीच गोष्ट. तडे जातात का ते वेगळं पाहावं लागतं.

त्यासाठी ठरलेल्या मिश्रणाचे सहा पूर्ण आकाराचे भेंडे पाडा आणि सावलीत उभे-आडवे करत तीन आठवडे वाळवा. पृष्ठभागावर केसासारख्या रेघा आल्या तर चालेल. कडेपासून मध्यापर्यंत जाणारी, नख शिरेल एवढी भेग आली तर आणखी एक घमेलं मुरूम घालून पुन्हा सहा पाडा. भेगा एकाच बाजूला असतील तर माती बदलू नका. भेंडे वाऱ्याच्या तोंडावर ठेवलेत का, ते आधी पाहा.