या चुका टाळा: टीबीच्या किटमधल्या गोळ्या "निवडून" घेणं

माझा आतेभाऊ भिवंडीला गोडाऊनमध्ये कामाला, वय २७. प्रायव्हेट डॉक्टरांनी टीबीचं किट दिलं, चार प्रकारच्या गोळ्या, रोज उपाशीपोटी. पहिल्या तीन आठवड्यात ताप गेला, खोकला कमी झाला, जेवायला लागला. मग मोठ्या पांढऱ्या गोळ्यांनी (पायराझिनामाइड) मळमळ आणि गुडघेदुखी सुरू झाली, तर पठ्ठ्याने काय केलं, लाल कॅप्सूल तेवढी रोज घेतली आणि बाकीच्या आठवण झाली तर घेतल्या नाहीतर डब्यात. का विचारलं तर म्हणे "लालवालीने लघवी केशरी होते ना, म्हणजे तीच काम करते."

तर ती पहिली चूक. लाल कॅप्सूल म्हणजे रिफॅम्पिसिन, लघवी केशरी होते ते त्याच्या रंगामुळे, औषध पोटात गेलं एवढंच त्यातनं कळतं. जंतू मेले की नाही ते अजिबात कळत नाही.

चार औषधं का, ते जरा हिशोबाने बघू. फुफ्फुसात पोकळी झाली असेल तर तिथे साधारण १० कोटी जंतू असू शकतात. दर १० लाखात एखादा जंतू असा असतो की किटमधलं आयसोनियाझिड त्याला लागूच पडत नाही, कोणी काही चूक न करता, आपोआप. म्हणजे औषधाची पहिली गोळी घ्यायच्या आधीच असे शंभरेक जंतू तिथे बसलेले आहेत. रिफॅम्पिसिनला दाद न देणारा १० कोटीत एखादाच. पण दोन्ही औषधांना एकाच वेळी पुरून उरणारा जंतू मिळणं जवळपास अशक्य, म्हणून एकत्र द्यायचं, एकातून सुटला तो दुसऱ्यात सापडतो. आता भावाने एकटी लाल कॅप्सूल चालू ठेवली तेव्हा बाकीचे मेले आणि तो एखादा उरला, त्याला मोकळं रान, त्याचीच पिल्लावळ वाढली. रेझिस्टन्स म्हणतात तो हाच. माणसाच्या शरीराला औषधाची "सवय" होते असं लोक बोलतात ते चूक आहे, बदलतात ते जंतू.

दुसरी चूक, बरं वाटलं म्हणून दोन महिन्यात बंद. टीबीचा जंतू फार संथ, एकाचे दोन व्हायला त्याला जवळजवळ अख्खा दिवस लागतो, आणि काही तर नुसते निपचित पडून राहतात, त्यांच्यावर औषधाचा परिणाम हळू होतो. भराभर वाढणारे आधी मरतात म्हणून बरं वाटतं, झोपलेल्यांसाठी पुढचे महिने असतात. सरकारी दवाखान्यात साध्या टीबीला २ महिने चार औषधं आणि नंतर ४ महिने तीन, ते याच कारणाने. (लघवीचं साधं इन्फेक्शन वगैरेला आता डॉक्टर मुद्दाम कमी दिवसांचा कोर्स देतात, तिथे तीन दिवस सांगितले तर तीनच, उगाच जास्त खायचं नाही. उरलेली स्ट्रिप पुढच्या खोकल्यासाठी जपून ठेवणं तर नकोच.)

वजनाकडेही कोणी बघत नाही. सरकारी दवाखान्यात चारही औषधं एकाच गोळीत असतात, त्या ४६ किलोच्या माणसाला रोज ३ आणि ५० ला पोचला की ४. औषध लागू पडलं की वजन सहसा वाढतं, मग डोस तोच ठेवला तर कमी पडू शकतो, म्हणून दर महिन्याला काट्यावर उभं राहा आणि आकडा सेंटरला सांगा.

त्रास झाला तर काय? मळमळ, सांधेदुखी याला उपाय असतो, डॉक्टरांना सांगा, स्वतः एखादी गोळी वगळू नका. पाय झिणझिणले तर बी६ देतात. पण डोळे पिवळे झाले, उलट्या थांबत नाहीत, तर ते लिव्हरचं असू शकतं. तेव्हा सगळ्याच गोळ्या थांबवून त्याच दिवशी दवाखाना गाठा. किंवा नजर धूसर झाली, लाल-हिरवा रंग ओळखायला चुकायला लागलं तर किटमधल्या इथाम्ब्युटॉलचा संशय असतो, तेव्हाही लगेच दाखवा. एखादा दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी डबल घ्यायचं नाही, आठवडाभर चुकलं तर लपवायचं नाही, खरं सांगितलं तरच पुढचं ठरवता येतं. सरकारच्या टीबी कार्यक्रमाची, म्हणजे निक्षयची टोल-फ्री हेल्पलाइन आहे, १८००-११-६६६६.

भावाचा खोकला चौथ्या महिन्यात परत आला. त्याने आधी मेडिकलमधनं लिव्होफ्लॉक्सासिन आणून पाच दिवस खाल्लं, ही अजून एक घोडचूक, कारण ते टीबीवरही थोडं चालतं, म्हणजे चार दिवस बरं वाटतं, टेस्ट लांबते, आणि रेझिस्टंट टीबीत लागणारं एक औषधही हातचं जाऊ शकतं. शेवटी सीबीनॅट केली, म्हणजे टीबीचा जंतू आणि त्याचा रेझिस्टन्स दोन्ही शोधणारी टेस्ट, रिपोर्टमध्ये रिफॅम्पिसिन रेझिस्टन्स डिटेक्टेड. आता बेडाक्विलिन, लिनेझोलिड ही रेझिस्टंट टीबीची औषधं चालू आहेत, अधूनमधून ईसीजी, रक्ताच्या तपासण्या, गोडाऊनची नोकरी गेली. परवा गेलो तर आत्या समोर बसून गोळ्या मोजत होती, तो एकेक गिळून जीभ उचलून दाखवत होता.