दहा सेकंदांची नाडी: डान्स फिटनेसचा वर्ग घ्यायला लागलेल्यांसाठी

ठाण्यात एका सोसायटीच्या हॉलमध्ये मी बरीच वर्षं डान्स फिटनेसचे वर्ग घेते. माझ्या हाताखाली शिकायला येणाऱ्या मुलींना बहुतेक गोष्टी आधीच येत असतात. बीट पकडता येतो, ग्रेपव्हाइन आणि व्ही-स्टेप पायात असतात, साल्सा, मेरेंगे, कुंबिया, रेगेटॉन हे झुंबाचे चार मूळ ताल घोटलेले असतात. गाडी अडते ती दुसरीकडे. समोर पंचवीस जणी नाचताहेत. त्यांतल्या कोणाला हे जड जातंय आणि कोणाला काहीच होत नाहीये, हे ओळखायचं कसं? घामावरून कळत नाही, कारण मे महिन्यात ठाण्यात नुसतं बसूनही घाम येतो. चेहऱ्यावरून थोडं कळतं, पण काही जणी शेवटपर्यंत हसत असतात आणि मग एकदम खाली बसतात. म्हणून नाडी. पण नाचताना घेतलेली नाडी सरळ बोलत नाही, तिचं म्हणणं समजून घ्यावं लागतं.

आधी मोजणी. डाव्या हाताचा तळवा वर करायचा, उजव्या हाताची तर्जनी आणि मधलं बोट डाव्या अंगठ्याच्या मुळाखाली, मनगटाच्या बाहेरच्या कडेला टेकवायचं. अंगठ्याने नाडी बघायची नाही, त्याचे स्वतःचे ठोके लागतात. मनगटाला सापडली नाही तर गळ्याशी, पण हलक्या बोटांनी आणि एकाच बाजूला. गळ्यातल्या धमनीवर दाब पडला की हृदयाची गती कमी होऊ शकते, म्हणजे मोजता मोजता आकडाच बिघडतो.

वेळ दहा सेकंद. पंधरा सेकंद मोजलं तर चूक कमी होते हे खरं, पण थांबल्याबरोबर नाडी उतरायला लागते आणि जितकं लांबवाल तितका आकडा खाली येतो. दहा सेकंदांत एका ठोक्याची चूक म्हणजे मिनिटाला सहांचा फरक. तेवढा चालवून घ्यायचा. पहिल्या ठोक्याला ‘शून्य’ म्हणून सुरुवात करायची, ‘एक’ म्हणून नाही. आणि गाणं बंद करायचं. नुसता आवाज कमी करून भागत नाही. मिनिटाला १४० बीटचं गाणं मागे चालू असेल तर निम्म्या बायका नाडी न मोजता ताल मोजतात आणि सगळ्यांचा आकडा २३ येतो. सगळ्या वर्गाचा आकडा सारखाच आला तर समजायचं, नाडी कोणीच मोजलेली नाही.

मोजून झालं की लगेच पाय हलवत ठेवायचे, जागच्या जागी मार्च. जोरात नाचून एकदम स्तब्ध उभं राहिलं की रक्त पायांत साठतं, कारण ते वर ढकलणाऱ्या पोटऱ्या थांबलेल्या असतात. चक्कर येते ती अशी. दहा सेकंदांपलीकडे कोणाला उभं ठेवायचं नाही, आकडा सांगायलाही नाही. तो मार्च करता करता सांगता येतो.

आता त्या आकड्याचं करायचं काय? २२० वजा वय हे सूत्र सगळ्यांना पाठ असतं. ते ढोबळ आहे. २०८ वजा वयाच्या ०.७ पट हे सूत्र चाळिशीपुढच्यांना जरा जवळ जातं. तरी दोन्ही सूत्रं सरासरीची आहेत. एकाच वयाच्या दोन निरोगी बायकांच्या कमाल गतीत वीस ठोक्यांचा फरक सहज असू शकतो, त्यामुळे सूत्रातून आलेली हद्द ही दगडावरची रेघ नव्हे. मी त्यात विश्रांतीची नाडी मिळवते. सकाळी उठल्यावर, चहाच्या आधी, अंथरुणातच पूर्ण मिनिटभर मोजलेली. तीन-चार सकाळींची सरासरी काढून आणायला सांगते.

एक उदाहरण पूर्ण करून दाखवते. वय ४६, बँकेत नोकरी, दिवसभर खुर्चीत, विश्रांतीची नाडी ७८. कमाल गती २०८ वजा ३२, म्हणजे १७६. त्यातून ७८ वजा केले की ९८ उरतात. विश्रांतीपासून टोकापर्यंत जायला हृदयाकडे एवढी जागा आहे. मध्यम व्यायाम म्हणजे या जागेचा साधारण ४० ते ६० टक्के भाग. ९८ चे ४० टक्के ३९, त्यात ७८ परत मिळवले की ११७. ६० टक्के ५९, म्हणजे १३७. सहाने भागलं की दहा सेकंदांचे आकडे मिळतात: २० ते २३. तिला फक्त हेच दोन आकडे सांगायचे. नाचताना कोणी टक्केवारी करत नाही. २३ च्या वर गेलं की काम जोराचं झालं. ते वाईट नाही, पण पहिल्या दोन महिन्यांत तिथे थोडा वेळच थांबायचं.

या ताईंचे आकडे मी वहीत लिहून ठेवले होते, कारण ते विचित्र येत होते. भांगड्याच्या गाण्यानंतर २७, म्हणजे मिनिटाला १६२. आणि मार्च-स्क्वॉट असलेल्या दुसऱ्या एका गाण्यानंतर २४. आकडे बघून वाटेल की भांगडा जास्त जड गेला. पण भांगड्यानंतर त्या माझ्याशी सरळ पूर्ण वाक्यात बोलत होत्या, आणि स्क्वॉटनंतर दोन शब्दांमागे श्वास घेत होत्या. हे उलटं कसं?

कारण हात. दोन्ही हात डोक्याच्या वर धरून नाचलं की नाडी वाढते, पण शरीर तितका जास्त प्राणवायू वापरत नसतं. हाताचे छोटे स्नायू सतत ताणलेले राहतात, त्यांतला रक्तप्रवाह अडतो, रक्तदाब वाढतो आणि हृदय जोरात धावतं. स्क्वॉटमध्ये मांड्यांचे मोठे स्नायू काम करतात. तिथे प्राणवायूची मागणी खरी असते, म्हणून धाप लागते. तेव्हा तोच भांगडा, त्याच उड्या, फक्त हात खांद्याच्या खाली ठेवून करवून घेतला. आकडा २४ वर आला. ट्रेडमिलवर चालणाऱ्याची नाडी आणि खरी मेहनत बऱ्यापैकी बरोबर जातात. हात उंचावून नाचणाऱ्याची नाडी मेहनतीपेक्षा मोठी दिसते. रक्तदाबाचा त्रास असणाऱ्यांच्या बाबतीत तर हात किती वेळ वर राहतात याकडे मी वेगळं लक्ष ठेवते.

म्हणून आकडा घेतल्यावर लगेच एक वाक्य बोलून घ्यायचं. मी पत्ता विचारते, सोसायटीच्या नावासकट. एका दमात सांगितला तर काम मध्यम आहे. मध्ये श्वास घ्यावा लागला तर जोराचं. ‘फ्लॅट नंबर’ म्हणून थांबली तर पुढचं गाणं हलकं. आकडा आणि बोलणं यांचं पटलं नाही, तर मी बोलण्यावर जास्त विश्वास ठेवते.

दुसरी गोष्ट, आकडा कधी घेतला याची. आपल्या वर्गात हालचाल सलग आणि सतत बदलती असते. मी तीन गाणी जोडून घेते, दहा-बारा मिनिटांचा एक पट्टा, मग एक संथ गाणं, मग पुढचा पट्टा. पट्ट्याच्या शेवटी घेतलेला आकडा त्या बारा मिनिटांचा नसतो. तो शेवटच्या मिनिटभराचा असतो. तिसऱ्या गाण्याचा शेवट संथ असेल तर आकडा चांगला दिसतो, मधल्या गाण्यात कोणी टोकाला जाऊन आलेलं असलं तरी. शेवट उड्यांचा असेल तर उलट. नव्या ट्रेनर नेमकं हेच करतात: सगळ्यात धमाल गाणं शेवटी ठेवतात, तिथे नाडी घेतात आणि घाबरतात. सुरुवातही फसवी असते. नाडी मेहनतीच्या मागून येते, तिला वर चढून स्थिरावायला दोन-तीन मिनिटं लागतात, त्यामुळे वॉर्म-अपनंतरच्या पहिल्याच मिनिटाचा आकडा कमी येणार.

माझी पद्धत अशी. पहिल्या पट्ट्याच्या मधल्या गाण्यानंतर एकदा, शेवटच्या पट्ट्याच्या त्याच जागी एकदा, आणि संथ गाण्यात मिनिटभर झाल्यावर एकदा. पहिले दोन आकडे एकमेकांशी ताडून बघायचे. मेहनत तितकीच असून दुसरा आकडा दोन-तीनने वाढलेला असेल तर ते बहुधा उकाड्याचं आणि कमी झालेल्या पाण्याचं काम. हृदय त्वचेकडेही रक्त पाठवत असतं. पंखे बंद पडलेल्या हॉलमध्ये हे ठळक दिसतं. अशा दिवशी स्टेप्स त्याच ठेवून उड्या काढायच्या, एक पाय जमिनीवर राहील असं करायचं. तिसरा आकडा उतरण्याचा. एका मिनिटात जी नाडी पूर्वी तीनने उतरायची ती काही महिन्यांनी पाचने उतरायला लागते, आणि वजनकाट्याच्या कितीतरी आधी हे दिसतं. संथ गाण्यातही आकडा जवळजवळ तिथेच राहिला तर पुढचा पट्टा तिच्यासाठी छोटा.

घड्याळांबद्दल प्रत्येक बॅचमध्ये विचारतात. मनगटावरचं घड्याळ त्वचेखालच्या रक्ताचा प्रवाह प्रकाशाने बघतं. हात झटकले, मनगट वाकलं, घड्याळ सैल असलं की ते गोंधळतं, आणि कधीकधी पावलांचा तालच नाडी म्हणून दाखवतं. घड्याळात १४२ आणि गाणं १४२ बीटचं, असं दिसलं की मी त्या आकड्याकडे बघत नाही. चालताना तेच घड्याळ ठीक चालतं. नाचासाठी छातीचा पट्टा बराच भरवशाचा. नाहीतर दोन बोटं आहेतच.

आणि काही जणींना आकडा सांगायचाच नाही. ॲटेनोलॉल, मेटोप्रोलॉल अशा गोळ्या घेणाऱ्यांची नाडी औषधानेच दाबलेली असते. कितीही नाचल्या तरी त्यांचा आकडा फारसा वर जात नाही, आणि सूत्राचा आकडा गाठायच्या नादात जिवावर येईपर्यंत नाचतील. त्यांच्यासाठी फक्त पत्त्याची परीक्षा. म्हणून पहिल्या दिवशीच्या फॉर्ममध्ये गोळ्यांची नावं विचारायची. ‘काही आजार आहे का’ एवढंच विचारलं तर ‘नाही’ लिहितात, कारण गोळीने बीपी आटोक्यात असतं. नाडी मध्येच चुकत असेल, ठोके अनियमित लागत असतील, तर दहा सेकंदांच्या आकड्याला अर्थ नाही. नाच थांबवून डॉक्टरकडे. छातीत दडपण, जबड्यात किंवा हातात दुखणं, डोळ्यांपुढे अंधारी, यांत आकडा बघत बसायचं नाही. गाणं बंद, तिला बसवायचं, आणि १०८ ला फोन करायला आधीच ठरवून ठेवलेली एक जण असली पाहिजे. माझ्या प्रत्येक बॅचमध्ये ती दाराजवळच्या रांगेत उभी असते.