‘म्हणजे तुमचं म्हणणं असं की…’ : ऐकलेले परत मांडताना या चुका टाळा

पुण्याजवळच्या एका मशीन शॉपमध्ये मी पर्यवेक्षकांच्या प्रशिक्षणासाठी जात असे. तिथल्या एका गुरुवारी, पाळी बदलण्याच्या गडबडीत, गुणवत्ता विभागातल्या तपासनीस बाई उत्पादनाच्या पर्यवेक्षकांना म्हणाल्या, “सर, परवाच्या लॉटचा टीसी अजून आलेला नाही, आणि सही मात्र माझीच लागते.” पर्यवेक्षकांनी लगेच उत्तर दिले, “येईल हो, मी स्टोअरशी बोलतो. तुम्ही टेन्शन घेऊ नका.” बाई “बरं सर” म्हणाल्या आणि निघून गेल्या. टीसी म्हणजे पोलादाच्या मालाबरोबर येणारे चाचणीचे प्रमाणपत्र. ते असल्याशिवाय तो माल मशीनवर घ्यायचा नाही, असा तिथला नियम होता.

पर्यवेक्षकांनी शब्द पाळला. शनिवारी जो लॉट यायचा होता त्याचा टीसी गाडीबरोबरच मागवून घ्या, असे त्यांनी स्टोअरला सांगितले. बाई मात्र मंगळवारी आलेल्या लॉटबद्दल बोलत होत्या. तो लॉट एव्हाना लेथवर चढला होता, आणि शुक्रवारी संध्याकाळी माल गाडीत भरताना कागद नसल्याचे लक्षात आले, तेव्हा तयार झालेले सगळे नग लाल पट्टी लावून बाजूला ठेवावे लागले.

मराठीत ‘परवा’ मागेही जातो आणि पुढेही जातो. क्रियापद सोबत असेल तर अर्थ कळतो, पण ‘परवाचा लॉट’, ‘परवाची मीटिंग’, ‘परवाची फाइल’ अशा प्रयोगांत तो आधार नसतो. तरीही केवळ या एका शब्दावर ठपका ठेवणे मला पटत नाही. दोघांशी वेगवेगळे बोलल्यावर कळले की वाक्याचा दुसरा अर्धाही निसटला होता. कामाचा भार वाढल्याची ही तक्रार आहे, असे पर्यवेक्षकांना वाटले होते. बाईंना सांगायचे होते ते निराळेच होते : कागद हातात नसताना त्यांना सही करायला सांगितले जात होते, आणि उद्या काही निघाले तर नाव त्यांचे लागणार होते.

ऐकलेले आपल्या शब्दांत परत मांडून दाखवण्याची पद्धत अशाच प्रसंगांसाठी आहे. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्स यांच्या समुपदेशनातून ती रूढ झाली, आणि 1957 मध्ये त्यांनी रिचर्ड फार्सन यांच्यासोबत लिहिलेल्या एका छोट्या पुस्तिकेतून ती उद्योगक्षेत्रातल्या वरिष्ठांपर्यंत पोहोचली. पुढे या पद्धतीची इतकी यांत्रिक नक्कल होऊ लागली की 1986 मध्ये रॉजर्स यांना स्पष्ट करावे लागले की आपण समोरच्याच्या भावनांचा आरसा धरत नसून, आपल्याला कळले ते बरोबर आहे का एवढेच तपासत असतो. पुढे सांगितलेल्या बहुतेक चुका या तपासण्याचा विसर पडल्यामुळे होतात.

तेच शब्द परत म्हणणे

नवे शिकलेले लोक बहुधा इथेच अडकतात. “परवाच्या लॉटचा टीसी आलेला नाही, आणि सही तुमची लागते,” असे पर्यवेक्षक म्हणाले असते, तर बाई फक्त “हो” म्हणाल्या असत्या आणि दोघांच्या मनातले दोन वेगवेगळे ‘परवा’ जसेच्या तसे राहिले असते. तेच शब्द परत केल्याने कानावर काय पडले ते कळते, पण मनात काय उतरले ते कळत नाही. म्हणून परत मांडताना एक पाऊल पुढे जायचे असते. ‘परवा’ ऐकले तर वार किंवा तारीख म्हणायची, ‘लवकर’ ऐकले तर वेळ म्हणायची, ‘ते काम’ ऐकले तर कामाचे नाव घ्यायचे.

यात अंदाज चुकेल अशी भीती लोकांना वाटते, आणि तीच सोडायला मी आग्रहाने सांगतो. समजा, पर्यवेक्षक म्हणाले असते, “म्हणजे शनिवारी येणाऱ्या लॉटचे कागद तुम्हाला आधी हवे आहेत.” अंदाज साफ चुकीचा आहे, तरीही बाईंनी तत्क्षणी म्हटले असते, “नाही सर, मंगळवारचा. तो लेथवर चढलाय.” चुकलेला अंदाज उघडपणे मांडला की समोरचा तो दुरुस्त करतो. मनात ठेवलेला अंदाज दुरुस्त करायला कोणीच नसते, आणि त्या गुरुवारी तेच घडले.

विधानाचा प्रश्न करणे

“म्हणजे तुम्हाला टीसीशिवाय सही करायची नाही?” आणि “म्हणजे टीसीशिवाय सही करणं तुम्हाला पटत नाही.” या दोन वाक्यांचा आशय जवळपास एकच आहे, पण पहिल्यात शेवटी आवाज चढतो आणि ऐकणाऱ्याला आपण काही चूक केली की काय असे वाटते. कनिष्ठाशी बोलताना तर असा प्रश्न थेट जाब विचारल्यासारखा ऐकू येतो. मग समोरचा माणूस आपले म्हणणे उलगडण्याऐवजी स्वतःचा बचाव करू लागतो : “नाही सर, तसं नाही, करते मी सही.” हे उत्तर आले की आपला आवाज चढला होता असे समजावे. परत मांडलेले वाक्य खालच्या सुरात, पूर्णविरामापाशी संपवावे आणि मग थांबावे. हे थांबणे सुरुवातीला अवघड जाते, कारण दोन-तीन सेकंदांची शांतताही फार लांब वाटते. पण दुरुस्ती बहुधा त्याच शांततेत येते.

तोडगा आधी, समज नंतर

“मी स्टोअरशी बोलतो” हे वाक्य वाईट हेतूने आलेले नव्हते. उलट, मदतीला तत्पर असलेल्या माणसाकडूनच ही चूक सर्वाधिक होते. अडचण ऐकताच हात तिच्यावर उपाय शोधू लागतो आणि कान बंद होतात. बाईंची अडचण स्टोअरने सुटणारी नव्हतीच. माल कागदाशिवाय मशीनवर कोणाच्या सांगण्यावरून गेला, हा तिचा गाभा होता, आणि तो पर्यवेक्षकांच्याच विभागात सुटणार होता. माझा साधा नियम असा आहे की तोडगा ओठांवर आला की आधी एक वाक्य परत मांडायचे, समोरच्याने त्याला पुष्टी दिली की मगच तोडगा बोलायचा. यात अर्धा मिनिट जातो. त्या शुक्रवारी गाडी रात्रभर थांबली होती.

भावनेला मोठे नाव देणे

काही जणांना पुस्तकातून असे कळते की भावना ओळखून बोलून दाखवावी, आणि मग ते म्हणतात, “तुम्ही खूप चिडलेल्या दिसता.” माणूस जेवढा अस्वस्थ असतो त्यापेक्षा मोठा शब्द वापरला की तो मागे सरकतो : “नाही हो, चिडायचं काय त्यात.” त्यानंतर तो विषय पुन्हा निघत नाही. थोडा कमी तीव्रतेचा शब्द वापरला, जसे “ही सही करताना तुम्हाला अवघडल्यासारखं होतंय,” तर तो स्वतःच पुढे बोलतो : “अवघडल्यासारखं काय, मला झोप लागत नाही.” आपल्याकडच्या कार्यालयांत आणखी एक गोष्ट पाळावी लागते. चार लोकांदेखत कोणाच्याही भावनेला नाव देऊ नये. सगळ्यांसमोर फक्त वस्तुस्थिती परत मांडावी आणि मनातले चहाच्या वेळी, एकटे असताना विचारावे.

‘हो’ला होकार समजणे

मराठीतला ‘हो’ फसवा आहे. ‘ऐकतोय’, ‘कळले’, ‘पटले’ आणि ‘करतो’ या चारही अर्थांनी तो येतो. त्यातच वरिष्ठाने काही म्हटले की “हो सर” म्हणण्याची सवय आपल्या अंगात मुरलेली असते. म्हणून परत मांडल्यावर नुसता ‘हो’ आला तर काम झाले असे धरू नये. खरोखर अचूक पकडले असेल तर ‘हो’च्या मागोमाग काहीतरी भर येते : “हो, आणि गेल्या महिन्यातही असंच झालं होतं.” भर आली नाही, नजर वळली, किंवा “बरं सर” म्हणून पाय निघाले, तर आपला अंदाज चुकला असण्याची शक्यता अधिक. अशा वेळी “बरोबर ना?” असे विचारून उपयोग नाही, कारण त्यालाही ‘हो’च येणार. “यात माझं काय सुटतंय?” असे विचारावे. त्याला ‘हो’ हे उत्तर होऊ शकत नाही, आणि चूक समोरच्याची नसून आपली असू शकते हे आपण आधीच मान्य केलेले असते.

‘आपण’वर थांबणे

आपल्या भाषेत ‘आम्ही’ आणि ‘आपण’ वेगळे आहेत, ही मोठी सोय आहे, पण बैठकीच्या शेवटी तीच अडचण होते. “आपण स्टोअरकडून टीसी मागवून घेऊ” यातला ‘आपण’ म्हणजे बोलणारा, ऐकणारा, की दोघे? आदरार्थी ‘आपण’ धरला तर ‘तुम्ही’सुद्धा. प्रत्येक जण समजतो की दुसरा करणार आहे. कर्ता नसलेल्या वाक्यांचेही तसेच : “ते पाठवायचं राहिलं”, “होऊन जाईल”, “बघू या”. म्हणून शेवटचे परत मांडणे नेहमी कर्ता आणि वेळ घालून करावे : “म्हणजे स्टोअरला फोन मी आज पाचच्या आत करतो, आणि टीसी येईपर्यंत मंगळवारचा लॉट लेथवरून तुम्ही थांबवता.” हे वाक्य दोघांच्या व्हॉट्सॲपवर गेले तर उत्तमच. मात्र लिहिताना सूर ऐकू जात नाही आणि कोरडे विधान आरोपासारखे वाचले जाते, म्हणून तिथे सुरुवातीला “मला असं समजलं, चुकत असेल तर सांगा” हे शब्द अवश्य घालावेत.

जिथे हे करू नये

मशीनमध्ये हात अडकतो आहे, क्रेनखाली माणूस उभा आहे, अशा वेळी समोरच्याचे म्हणणे समजून घेत बसायचे नसते. तिथे सूचना जशीच्या तशी मोठ्याने परत म्हणणे, जसे वैमानिक नियंत्रण कक्षाला म्हणतात, हेच योग्य, आणि तिथे तेच शब्द परत म्हणणे मुळीच चूक ठरत नाही. दुसरी जागा अधिक नाजूक आहे. निर्णय आधीच पक्का झालेला असेल आणि तो बदलणार नसेल, तर “तुम्हाला हे जड जातंय” असे म्हणत समोरच्याला बोलते करू नये. त्याला वाटते की आपल्या बोलण्याने काही बदलेल, आणि बदलत नाही हे कळल्यावर पुढच्या वेळी तो मंगळवारच्या लॉटबद्दल सांगायलाही येत नाही. अशा वेळी निर्णय आधी सांगावा, त्यात काय बदलू शकते आणि काय नाही हे स्पष्ट करावे, आणि मग उरलेल्या भागापुरते ऐकावे.

त्या पर्यवेक्षकांनी पुढच्या आठवड्यात बाईंना स्वतःहून गाठले आणि म्हणाले, “कागद नसताना सही करायला तुम्हाला माझ्याच लोकांनी सांगितलं, आणि मी ते स्टोअरवर ढकललं.” बाई क्षणभर थांबल्या. “हो,” त्या म्हणाल्या, “आणि हे तीनदा झालंय सर. तारखा लिहून ठेवल्यात मी.”